तुरट जामीन

कार्तिकात बोर्ली पंचतनच्या बाजारात आवळ्याच्या टोपल्या दिसू लागल्या, की तुळशीच्या लग्नासाठी चिंचेबरोबर घ्यावयाचे पाच-सात आवळे एकीकडे ठेवून उरलेल्यांचे काय करावयाचे, ही मसलत आमच्या घरी दरवर्षी नव्याने होई, आणि तिचा निकाल दरवर्षी एकच लागे: निम्म्याचा मोरावळा आणि निम्म्याची आवळासुपारी. एके वर्षी काकू माजघरात विळीवर आवळे चिरीत असता मी शेजारी बसलो होतो. पहिल्या दोन-तीन आवळ्यांच्या फोडी हिरवट-पिवळ्या, काचेसारख्या पारदर्शक पडल्या. परंतु काकू मध्येच उठून चुलीकडे जाऊन आल्या तेवढ्या अवकाशात पात्याच्या धारेवर राहिलेल्या रसाचा रंग पालटून तेथे निळसर काळी रेघ उमटली होती, आणि परत येऊन त्यांनी चिरलेल्या पहिल्याच फोडीच्या कडेवर ती रेघ जशीच्या तशी उतरली. "अरे, पातं पुसून घ्यायला हवं होतं," काकू म्हणाल्या, "लोखंडाला आवळा लागला की तो असाच काळा पडतो, खायला काही बिघडत नाही, पण दिसतं वाईट." एवढे बोलून त्यांनी ती फोड पाटीत टाकली. त्या काळ्या रेघेचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला; आणि आवळा वाळवला किंवा शिजवला तरी त्यातील क जीवनसत्त्व पुरते नष्ट होत नाही, या लोकप्रिय विधानामागे रसायनशास्त्रज्ञांनी जी उपपत्ती उभी केली आहे, तिच्या एका अंगाचा सर्वांत सुलभ प्रत्यक्ष पुरावा तीच रेघ होय, असे आता माझे मत आहे.

प्रथम ज्याचे रक्षण करावयाचे त्या पक्षाची कैफियत ऐकू. क जीवनसत्त्व म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल हा एक लहानसा, पाण्यात सहज विरघळणारा आणि स्वभावाने अत्यंत उदार असा रेणू आहे. उदार या अर्थाने, की जवळ आलेल्या कोणालाही तो आपले दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. हवेतील प्राणवायू हा त्याचा सर्वांत मोठा याचक. देणे झाले की त्याचे डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल बनते. या अवस्थेत तो अद्याप गेलेला नसतो: आपले शरीर त्याला मूळ पदावर आणू शकते, आणि म्हणून आहारदृष्ट्या तोही क जीवनसत्त्वातच जमा धरतात. परंतु हे दुसरे रूप फार अल्पायुषी असते. त्याचे वलय पाण्याच्या योगाने एकदा उघडले, की जे द्रव्य तयार होते ते कोणत्याही उपायाने परत फिरत नाही. जीवनसत्त्व म्हणून त्याची नोंद तेथे संपते. उष्णतेने ही सारी वाटचाल वेगाने होते हे खरे, परंतु उष्णतेपेक्षाही घातक असतो तो धातूंचा स्पर्श. प्राणवायू एकटा असता ॲस्कॉर्बिक आम्लाशी त्याची क्रिया मंदच चालते. तांब्याचा किंवा लोहाचा अत्यल्प अंश मध्ये आला की तो दलालासारखा दोघांमध्ये उभा राहून इलेक्ट्रॉन इकडून घेतो आणि तिकडे देतो, स्वतः खर्च होत नाही, आणि म्हणून तोच व्यवहार पुनःपुन्हा करीत राहतो. तांबे यात लोहाहूनही तत्पर. कोबी, काकडी यांसारख्या भाज्या चिरल्या असता त्यांच्यातील ज्या एन्झाइममुळे क जीवनसत्त्व झपाट्याने ऱ्हास पावते, त्या एन्झाइमच्या अंतर्यामीही तांबेच बसलेले असते.

असे असता आवळा वाळवल्यावरही गुणकारी राहतो, ही गोष्ट केवळ वैद्यांच्या श्रद्धेची न राहता प्रयोगशाळेच्या दप्तरात दाखल झाली ती १९३६ साली. क जीवनसत्त्वाचा रासायनिक उलगडा होऊन तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षे झाली होती, आणि त्या कामाबद्दल सेंट-ग्यॉर्गी यांना नोबेल पारितोषिक मिळावयाला अजून एक वर्ष अवकाश होता. मद्रास येथील दामोदरन आणि नायर या दोघा संशोधकांनी त्या वर्षी इंग्लंडच्या 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी आवळ्यातून एक टॅनिन, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत कषायद्रव्य, वेगळे काढल्याचे आणि ते ॲस्कॉर्बिक आम्लाचे ऑक्सिडीकरण रोखते किंवा निदान लांबवते असे सांगितले. ते टॅनिन फोडले असता त्यातून गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल आणि ग्लुकोज निघते, हेही त्यांनी दाखविले. आज आवळ्याच्या तेलाच्या बाटलीपासून आयुर्वेदाच्या पाठ्यपुस्तकापर्यंत 'टॅनिनमुळे आवळ्यातील क जीवनसत्त्व सुरक्षित राहते' असे जे वाक्य आढळते, त्याचे मूळ बहुधा या निबंधातच सापडते. मात्र मूळ निबंधातील 'लांबवते' हा सावध शब्द त्या प्रवासात कोठेतरी गळून पडला, आणि रक्षणाची मुदतबंद जामीनकी लोकांनी कायमची सनद समजून घेतली.

हे तुरट द्रव्य जामीन राहते ते कशाच्या बळावर, याविषयी तीन तर्क मांडले जातात. त्यांतील पहिला तर्क प्रथिनांचा आहे. आवळा चघळला असता तोंडाला जी ओढ बसते, ती टॅनिनने लाळेतील प्रथिनांना पकडून गोळा केल्यामुळे बसते. कातड्याला हिरड्याच्या पाण्यात मुरवून कमावतात तेव्हाही हीच पकड कामी येते. ऑक्सिडीकरण घडवून आणणारे एन्झाइम हेही प्रथिनच, तेव्हा फळ चिरल्यावर टॅनिनने त्यालाही जखडून निष्क्रिय केले तर नवल नाही. हा तर्क सयुक्तिक आहे, परंतु त्याचा अंमल पहिल्या काही घटकांपुरताच. आवळा उकडला वा वाफवला की एन्झाइम उष्णतेनेच मरते आणि मग त्याच्या बंदोबस्ताचे श्रेय टॅनिनला देण्याचे कारण उरत नाही.

दुसरा तर्क त्या काळ्या रेघेचा. गॅलिक आम्लाच्या वलयावर तीन हायड्रॉक्सिल गट एकमेकांच्या अगदी शेजारी असतात, आणि त्यांपैकी दोन गट धातूच्या अणूला, खेकड्याने दोन्ही नांग्यांत काडी धरावी तसे, दोहों बाजूंनी पकडतात. विळीच्या पात्यावर झाले ते हेच: आवळ्याच्या आंबट रसाने पोलादाचा किंचित अंश विरघळविला, हवेने त्याला फेरिक रूप दिले, आणि टॅनिनने त्याला धरताच निळा-काळा संयुक्त पदार्थ दृश्यमान झाला. हिरडा आणि हिराकस यांच्या संयोगाने कापड काळे रंगविण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यातही दुसरे काही नाही. मुद्दा असा, की फळातल्या किंवा भांड्यातून उतरलेल्या धातूचा अणू अशा पकडीत असला, तर त्याला ॲस्कॉर्बिक आम्ल आणि प्राणवायू यांच्यामध्ये दलाली करण्यास मोकळीक राहत नाही. आवळ्यात टॅनिन विपुल आणि धातू अत्यल्प, त्यामुळे पकडणाऱ्यांची संख्या नेहमीच भारी पडते. या तर्काला मी तिघांत सर्वाधिक वजन देतो, तथापि त्यालाही एक मर्यादा आहे. आवळ्याच्या रसाइतक्या आंबट द्रावणात ही पकड उदासीन पाण्यातल्यापेक्षा सैल असते, शिवाय पकडलेल्या फेरिक लोहाला टॅनिन स्वतःच कधी इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा कामावर रुजू होण्याच्या स्थितीत आणून ठेवते. म्हणजे ही कैद खुल्या तुरुंगातली.

तिसरा तर्क सर्वांत लोकप्रिय आणि माझ्या मते सर्वांत कच्चा आहे. तो असा, की टॅनिन हे स्वतः ऑक्सिडीकरणाला बळी पडून क जीवनसत्त्वाचा प्राण वाचविते. चित्र मोठे हृदयंगम आहे, परंतु इलेक्ट्रॉनांचा ओघ, पाण्याच्या ओघाप्रमाणे, आपल्या मर्जीने दिशा बदलीत नाही. ॲस्कॉर्बिक आम्ल हे गॅलिक आम्लाच्या जातीच्या द्रव्यांपेक्षा अधिक सुलभतेने इलेक्ट्रॉन देते. त्यामुळे दोघे एकत्र असता टॅनिनच्या रेणूने एक इलेक्ट्रॉन गमावला, तर तो भरून देण्यास ॲस्कॉर्बिक आम्लच पुढे येते. बलिदान होतेच, मात्र ते लोक सांगतात त्याच्या उलट दिशेने. टॅनिन काही प्राणवायू आणि काही उपद्रवी मूलके स्वतःवर घेऊन एकूण भार हलका करीत असेल, इतके मान्य करावे. 'आधी टॅनिन मरते, मग जीवनसत्त्व' असा क्रम मात्र मान्य करता येत नाही.

या सर्व गलबल्यात एक मुकाट साथीदार विसरला जातो, तो म्हणजे आवळ्याचा आंबटपणा. ॲस्कॉर्बिक आम्लाने आपला हायड्रोजन आयन सोडला की त्याचे जे रूप होते, ते ऑक्सिडीकरणाला अधिक सहज सापडते. तीव्र आम्लात तो आयन सुटतच नाही, आणि आपण वर पाहिलेले अल्पायुषी दुसरे रूपही आम्लात अधिक काळ तग धरते. मग रक्षणाचे श्रेय आंबटाला किती आणि तुरटाला किती? हे ठरविण्याची रीत कल्पनेत सोपी आहे. सारख्याच आम्लतेची, सारखेच ॲस्कॉर्बिक आम्ल घातलेली तीन द्रावणे घ्यावीत. एकात केवळ सायट्रिक आम्ल, दुसऱ्यात त्याशिवाय आवळ्यातून शुद्ध केलेले टॅनिन, आणि तिसऱ्यात टॅनिन व सोबत तांब्याचा अंश. मग ठराविक वेळेने प्रत्येकातील शिल्लक मोजावी. दुसऱ्याची शिल्लक पहिल्यापेक्षा अधिक राहिली तरच तुरटाची जामीनकी शाबीत झाली. नुसता आवळ्याचा रस घेऊन तो टिकतो असे दाखविणे म्हणजे दोन साक्षीदारांना एकत्र बसवून जबानी घेण्यासारखे आहे.

आणि मोजणी म्हणताच या विषयातील खरा तंटा उपस्थित होतो. १९९६ साली बनारस हिंदू विद्यापीठातील शिबनाथ घोषाल व त्यांचे सहकारी यांनी असा धक्का दिला, की आवळ्याच्या प्रसिद्ध सामर्थ्याचे धनी क जीवनसत्त्व नसून दोन नवे टॅनिन आहेत. त्यांना त्यांनी एम्ब्लिकॅनिन अ आणि ब अशी नावे दिली. पुढे जाऊन असेही प्रतिपादन झाले, की वाळवल्यावर 'टिकलेले' म्हणून जे मोजले जाते ते जीवनसत्त्व नसून, त्याच्या वेशात उभे असलेले टॅनिनच आहे. २००६ साली इटलीतील संशोधकांनी फळातील क जीवनसत्त्व वेगळे करून मोजले आणि ते खरोखरच भरपूर आहे, फळाच्या ऑक्सिडीकरणविरोधी शक्तीपैकी ४५ ते ७० टक्के भाग त्याचाच आहे, असा निर्वाळा दिला. तीन वर्षांनी, २००९ साली, मजीद व सहकाऱ्यांनी फेरतपासणी केली, तेव्हा त्यांना एम्ब्लिकॅनिन सापडलेच नाहीत. मात्र म्युसिक आम्ल आणि गॅलिक आम्ल यांच्या संयोगाची काही द्रव्ये नेहमीच्या पृथक्करणात ॲस्कॉर्बिक आम्लाच्या जागी मिसळून येतात, आणि त्यामुळे आकडा फुगतो, असे त्यांनी दाखविले. शाळेच्या प्रयोगशाळेत आयोडिनचे थेंब टाकून क जीवनसत्त्व मोजतात, त्या साध्या पद्धतीतही हाच धोका आहे: आयोडिनचा रंग घालविण्याच्या कामी काही अंशी टॅनिनही हातभार लावते, आणि मोजणारा तो सारा हिशेब जीवनसत्त्वाच्या खात्यावर जमा करतो. जामीनदारालाच कर्जदार समजून पैसे वसूल दाखविण्याचा हा प्रकार होय. ताज्या आवळ्याविषयी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम असा आकडा होता, आणि त्याच संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत तो २५२ आहे. जात, पक्वता आणि प्रदेश यांनीही फरक पडतो हे खरे. पण पद्धतीचा वाटा त्यात असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे.

आता काकूंच्या आवळासुपारीकडे वळू, कारण रक्षणाची परीक्षा शेवटी उन्हातल्या सुपातच व्हावयाची. समजा बिया काढून एक किलो गर हाती आला. त्यात सुमारे ८२ टक्के पाणी असते. घन भाग उरला १८० ग्रॅम. फोडी खुटखुटीत वाळून त्यांत दहा टक्के ओल राहिली, तर वजन २०० ग्रॅम भरेल. म्हणजे पाच किलोचा एक किलो. हिशेबाच्या सोयीसाठी ताज्या गरात १०० ग्रॅमला ४०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व धरू. एक किलोत ४००० मिलिग्रॅम झाले. त्यातला कणही नष्ट झाला नाही, तर वाळलेल्या मालात १०० ग्रॅमला २००० मिलिग्रॅम असावयास पाहिजे. आता कोणी ती सुपारी तपासून १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम निघाले असे सांगितले, तर विकणारा आनंदाने म्हणेल, की ताज्याच्या दुप्पट झाले, पाहा टॅनिनचा प्रताप! वास्तविक २०० ग्रॅम सुपारीत सारे मिळून १६०० मिलिग्रॅम उरले. ४००० पैकी २४०० गेले, म्हणजे शंभरातले साठ. पाणी उडाल्यामुळे आकडा चढला, जीवनसत्त्व उतरलेच. वाळलेल्या आवळ्याविषयीचे कित्येक दावे या एका गणितात बसतात, म्हणून कोणताही आकडा वाचताना तो ओल्या वजनावर आहे की सुक्या, हे प्रथम पाहावे. तरीही १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम ही सामान्य चीज नाही. प्रौढ पुरुषाची दैनिक गरज २०२० च्या भारतीय शिफारशीप्रमाणे ८० मिलिग्रॅम आहे, आणि ती अशा दहा ग्रॅम सुपारीत भागते.

हानी कमी व्हावी म्हणून काय करावे, हे वरच्या विवेचनातून आपसूक निघते. फोड जाड राहिली तर आत ओल टिकते आणि क्रिया दिवसचे दिवस चालते. फार बारीक किसली तर हवेला पृष्ठभाग अधिक मिळतो. शिवाय लोखंडी किसणीचा अंशही कीसभर पसरतो. पोलादी विळीऐवजी स्टेनलेस स्टीलची सुरी घेतली की काळी रेघ उमटत नाही. आमच्याकडे खाडीवरून येणारा दमट वारा आणि पहाटेचे दंव ही कोरड्या प्रदेशांना नसलेली अडचण. फोडी संध्याकाळी आत न घेतल्या तर रात्री पुन्हा ओल्या होतात आणि आदल्या दिवसाची मेहनत वाया जाते. उघड्या उन्हापेक्षा झाकलेल्या, हवा खेळत्या वाळवणयंत्रात बरेच जास्त जीवनसत्त्व उरते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

मोरावळ्याची गोष्ट निराळी आहे. तुरटपणा मरावा म्हणून काही घरी आवळे टोचून मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात दोन-दोन दिवस ठेवतात आणि ते पाणी ओतून देतात. नंतर पुन्हा उकळत्या पाण्यातून काढून तेही ओततात. क जीवनसत्त्व आणि तुरट द्रव्य, दोन्ही पाण्यात विरघळणारी. तेव्हा चव सुधारण्याच्या भरात मालक आणि पहारेकरी दोघेही एकाच मोरीतून वाहून जातात. टॅनिनमुळे शिजवलेला आवळाही शाबूत राहतो, हे सांगणाऱ्यांनी हे ओतलेले पाणी हिशेबात घेतलेले नसते. त्यापेक्षा आवळा वाफवून, वाफेचे पाणी पाकातच घ्यावे. मोरावळा जरा तुरट लागेल, ती त्याची किंमत. भांड्याविषयीही एक शब्द. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, म्हणजे तांबे त्यात उतरते, हे घरोघरी ठाऊक आहे. आवळ्याच्या बाबतीत तेच तांबे, आपण पाहिलेला सर्वांत तत्पर दलाल, टॅनिनच्या पकडीची पुरती कसोटी पाहते. पोट बिघडण्याचा प्रश्न वेगळाच.

आणि एक हानी अशी आहे, की जिच्यापुढे टॅनिनचा इलाज चालत नाही. प्राणवायू पूर्ण वगळला तरी आम्ल द्रावणात, उष्णतेत, ॲस्कॉर्बिक आम्ल मंदगतीने फुटतच राहते. त्यातून फर्फ्युरल नावाचे द्रव्य होते आणि पुढे ते तपकिरी रंगाकडे जाते. बरणी घट्ट बंद असूनही पावसाळा संपेपर्यंत मोरावळा गडद होत जातो, त्यात याही क्रियेचा वाटा असतो. येथे रंग ओळखता आला पाहिजे. फोडीच्या कापलेल्या कडेला निळसर काळी रेघ असेल, तर ती लोखंडाची. तिचा बाकीच्या फोडीशी संबंध नाही. पण फोड आतून-बाहेरून सारखीच कॉफीच्या रंगाची झाली असेल, तर ती जुनी, ऊन-हवेत राहिलेली किंवा अति तापलेली समजावी, आणि तिच्यातील जीवनसत्त्वाविषयी फार आशा बाळगू नये. फिकट, मधाच्या रंगाची सुपारी त्या मानाने विश्वासार्ह. तथापि केवळ रंगावरून आकडा सांगता येत नाही.

काकूंची पाटी त्या वर्षी आठ-नऊ दिवसांत वाळली. बरणी भरताना त्यांनी काळ्या कडेच्या चार फोडी बाजूला काढून मला खायला दिल्या. बाकीच्यांपेक्षा त्या अधिक तुरट लागतात की काय, हे मी मोठ्या उत्सुकतेने तपासले, आणि चवीत मला काडीचाही फरक आढळला नाही.